पीडीएफ तपासताना सोडून दिलेली एक ओळ

अॅडोबीच्या अॅक्रोबॅटमध्ये पीडीएफची सुगम्यता, म्हणजे ती दृष्टिहीनांनाही नीट वाचता येते का हे, तपासलं की शेवटी एक अहवाल उघडतो. त्यातल्या दोन ओळी फाइल कितीही नीटनेटकी असली तरी आपोआप हिरव्या होत नाहीत. एक रंगांच्या फरकाची आणि दुसरी `Logical Reading Order` ची. दोन्हींपुढे `Needs manual check` असं लिहिलेलं असतं, म्हणजे हे माणसाने बघायचं आहे. प्रत्यक्षात त्या ओळीवर उजवी क्लिक करून `Pass` निवडलं की ती उत्तीर्ण होते, आणि बहुतेक ठिकाणी तपासणी तिथेच संपते. मग तोच अहवाल ‘फाइल सुगम्य आहे’ याचा पुरावा म्हणून जोडला जातो.

हा पुरावा स्वीकारणं थांबवायला हवं, असं माझं म्हणणं आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या वाचकासाठी पीडीएफमधल्या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या असतात: मथळे मथळे म्हणून नोंदलेले असणं, आणि मजकूर अर्थाच्या क्रमाने येणं. नेमक्या याच दोन गोष्टी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर आहेत.

पीडीएफ मुळात छपाईसारखा कागद पडद्यावर उभा करण्यासाठी जन्मली. तिच्या पानाच्या पोटात परिच्छेद नसतात. ‘या जागी ही अक्षरं, या आकारात काढा’ अशा सूचनांची एक लांबलचक माळ असते, आणि त्या सूचना कोणत्या क्रमाने लिहिल्या आहेत याने डोळ्यांना काही फरक पडत नाही. तळटीप आधी काढली आणि शीर्षक शेवटी काढलं तरी पान तसंच दिसतं. टॅगची सोय 2001 साली, पीडीएफच्या 1.4 आवृत्तीत आली. टॅग म्हणजे पानामागे उभं केलेलं एक वेगळं झाड. त्याची प्रत्येक फांदी सांगते की पानावरचा अमुक तुकडा मथळा आहे, अमुक परिच्छेद आहे, अमुक तक्त्याचा कप्पा आहे. स्क्रीन रीडर पान बघत नाही, हे झाड वरून खाली वाचत जातो. झाडच नसेल तर अॅडोबी रीडर अंदाजाने एक तात्पुरता क्रम लावतो आणि तोच ऐकवतो. तो अंदाज एकाच स्तंभाच्या साध्या पत्रावर बऱ्यापैकी चालतो, दोन स्तंभ आणि एखादी चौकट आली की गडबडतो.

आता यंत्राला काय कळतं ते पाहू. सुगम्य पीडीएफसाठी पीडीएफ/यूए हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 साली आलं. त्यानुसार फाइल तपासायची तर काय काय चुकू शकतं याची यादी ‘मॅटरहॉर्न प्रोटोकॉल’ या दस्तऐवजात आहे. त्यात चुकीच्या 136 स्थिती मोजलेल्या आहेत आणि त्यांतल्या 47 ठरवायला साधारणपणे माणूसच लागतो, असं तो दस्तऐवज स्वतःच सांगतो. टॅगचा क्रम अर्थाला धरून नसणं ही त्या 47 पैकी एक. पहिल्या पातळीच्या मथळ्याच्या टॅगनंतर, म्हणजे H1 नंतर, एकदम तिसऱ्या पातळीचा H3 आला तर यंत्र ते पकडतं, कारण तो निव्वळ आकड्यांचा प्रश्न आहे. पण मथळ्याला मथळ्याचा टॅगच दिलेला नसेल तर यंत्राला तो फक्त मजकूर वाटतो. याचा अर्थ असा की शंभर पानांच्या अहवालात एकही मथळा न टॅगता सगळं P मध्ये, म्हणजे परिच्छेदाच्या टॅगमध्ये, कोंबलं, तरी मथळ्यांबाबत यंत्राने तपासायची एकही अट मोडत नाही. मथळे लावण्याचा प्रामाणिक प्रयत्न करून एक पातळी चुकवणारा मात्र नापास होतो. या व्यवस्थेतून काय शिकवण मिळते ते सांगायला नको.

एक पान घेऊन बघू. शिष्यवृत्तीच्या अर्जाची एक सूचना आहे, दोन स्तंभांत मांडलेली. वर दोन ओळींत मोठं शीर्षक. डाव्या स्तंभात ‘पात्रता’ आणि ‘कागदपत्रे’ हे ठळक उपमथळे. स्तंभाच्या तळाशी रंगीत चौकटीत ‘अपूर्ण अर्ज बाद होतील’. त्याखाली पान क्रमांक. कागदपत्रांचा परिच्छेद चौकटीच्या वर थांबतो आणि उजव्या स्तंभाच्या माथ्यावर पुढे चालू होतो. अशा फाइलवर आपोआप टॅग लावणारी आज्ञा चालवली की सहसा या धर्तीचं झाड मिळतं:

```
Document
  H1  शिष्यवृत्तीसाठी
  H1  अर्ज कसा करावा
  P   पात्रता
  P   ...
  P   कागदपत्रे
  P   ...दाखला पुन्हा जोडणे बंधनकारक
  H3  अपूर्ण अर्ज बाद होतील
  P   पान 1
  P   नाही. मात्र पत्ता बदलला असल्यास...
```

हे कानाने ऐका. ‘दाखला पुन्हा जोडणे बंधनकारक’ इथे टॅग संपतो, म्हणून वाचन थबकतं आणि वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं. मग तिसऱ्या पातळीचा मथळा: अपूर्ण अर्ज बाद होतील. पान एक. नाही. मात्र पत्ता बदलला असल्यास. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे स्तंभाच्या किंवा पानाच्या तुटीवर वाक्य फुटलं की अनेकदा नकारच पलीकडे पडतो. पाहणारा वाचक नजर वर नेऊन तो जोडून घेतो. ऐकणाऱ्याला उलटा नियम कळतो, आणि त्याच्या पाठोपाठ अर्ज बाद होण्याची धमकी. तो दाखला काढायला रांगेत जाऊन उभा राहील. फाइलमध्ये काही बिघाड आहे अशी शंका त्याला येण्याचं कारणच नाही, कारण ऐकलेलं सगळं शब्दशः कागदावर आहे.

यंत्र या झाडात एकच चूक दाखवतं: H1 नंतर थेट H3. ती ‘दुरुस्त’ करणारा H3 चा H2 करतो आणि अहवाल स्वच्छ होतो. आता त्या सूचनेच्या मथळ्यांची यादी मागवली तर ‘शिष्यवृत्तीसाठी’, ‘अर्ज कसा करावा’ आणि ‘अपूर्ण अर्ज बाद होतील’ एवढंच हाती लागतं. ज्यासाठी माणूस फाइल उघडतो ती पात्रता आणि ती कागदपत्रं यादीत नाहीतच. ती ठळक केली होती, मथळा केली नव्हती. आपोआप टॅग लावणारं सॉफ्टवेअर अक्षरांचा आकार, जाडी आणि आजूबाजूची मोकळी जागा पाहून मथळा ओळखतं. त्यामुळे मुख्य मजकुराच्याच आकारातले ठळक उपमथळे निसटतात आणि चौकटीतलं मोठं वाक्य किंवा सजावटीसाठी फुगवलेला आकडा मथळा होऊन बसतो.

हे हाताने नीट करायचं तर अॅक्रोबॅटमध्ये `Tags` पॅनल उघडावा आणि त्याच्या पर्यायांतलं `Highlight Content` चालू करावं. मग झाडावरून बाणाच्या कळीने एकेक पायरी खाली उतरावं, म्हणजे प्रत्येक टॅगचा मजकूर पानावर चौकटीत उजळतो. क्रम चुकला की चौकट पानभर उड्या मारते. आपल्या पानावर ती डाव्या तळाच्या रंगीत चौकटीवर, तिथून पान क्रमांकावर आणि मग उजव्या माथ्यावर जाताना स्पष्ट दिसेल.

पहिलं काम फुटलेल्या परिच्छेदाचं. ‘नाही. मात्र’ ज्या P मध्ये आहे तो उघडून त्यातला मजकुराचा डबा आधीच्या P मध्ये, तिथल्या मजकुराच्या खाली ओढायचा आणि रिकामा राहिलेला P काढून टाकायचा. एकाच P मध्ये पानावरच्या दोन वेगळ्या जागांचे दोन तुकडे असायला काहीच हरकत नाही. टॅगचं झाड मांडणीपासून वेगळं ठेवलंय ते याचसाठी. शीर्षकाच्या दोन H1 चं तसंच एकत्रीकरण करायचं. इथे एक बारीक गोम असते: पहिल्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा नसेल तर ‘शिष्यवृत्तीसाठीअर्ज’ असा जोडशब्द ऐकू येऊ शकतो, तेव्हा जोडल्यावर ऐकून पाहावं. पान क्रमांकावर उजवी क्लिक करून `Change Tag to Artifact` द्यायचं, म्हणजे तो झाडातून बाहेर पडतो आणि वाचनात मध्ये येत नाही. दर पानावर छापलेलं संस्थेचं नाव असेल तर त्याचंही हेच. ‘पात्रता’, ‘कागदपत्रे’ यांचा प्रकार टॅगच्या गुणधर्मांत जाऊन H2 करायचा. चौकटीतलं वाक्य मथळा नाही, ते P.

ते कुठे ठेवायचं हा मात्र खरा निर्णय आहे. चौकट कागदपत्रांविषयी बोलते असं मानलं तर त्या परिच्छेदानंतर, सगळ्या अर्जाविषयी मानलं तर शीर्षकानंतर लगेच. दोन्ही बरोबर. वाक्याच्या मधोमध तेवढं चूक. यंत्राला हे का जमत नाही ते इथे समजतं: चौकटीची जागा ठरवायला सूचना वाचून समजावी लागते.

```
Document
  H1  शिष्यवृत्तीसाठी अर्ज कसा करावा
  H2  पात्रता
  P   ...
  H2  कागदपत्रे
  P   ...जोडणे बंधनकारक नाही. मात्र...
  P   अपूर्ण अर्ज बाद होतील
```

हे करताना कामाची प्रत वेगळी ठेवावी आणि मधूनमधून नव्या नावाने जतन करत जावं. टॅगच्या झाडातल्या बदलांना ‘अनडू’ दर वेळी साथ देईलच असं नाही.

शिकलेले लोकही जिथे फसतात ती जागा पुढे आहे. अॅक्रोबॅटमध्ये `Order` नावाचाही एक पॅनल आहे. नाव वाचून वाटतं, वाचनक्रम इथेच लावायचा. पण तो दाखवतो तो पानावर गोष्टी रेखाटण्याचा क्रम, म्हणजे वर सांगितलेली सूचनांची माळ. तिथे तुकडे वरखाली केले तरी टॅगच्या झाडातला क्रम बदलत नाही, आणि टॅग असलेल्या फाइलमध्ये स्क्रीन रीडर झाड वाचतो. उलट नुकसान होऊ शकतं. रेखाटण्याच्या क्रमात जे नंतर येतं ते वर रंगवलं जातं. चौकटीची रंगीत पार्श्वभूमी पॅनलच्या यादीत तिच्या मजकुराच्या खाली सरकवली, तर ती रंगवताना मजकुरावर येते आणि अक्षरं पानावरून गायब होतात. ‘सुगम्यता केली आणि पान बिघडलं’ अशी तक्रार बऱ्याचदा इथून उगवते आणि मग सुगम्यतेच्याच माथी मारली जाते. तिसरा क्रम `Tab` कळीचा. फॉर्मच्या रकाने आणि दुवे यांवरून ती कळ कशी फिरते ते पानाच्या गुणधर्मांत ठरतं, आणि तिथे `Use Document Structure` निवडलेलं असावं. एकाच फाइलमध्ये असे तीन क्रम नांदत असताना ‘आम्ही रीडिंग ऑर्डर सेट केली’ या वाक्यावर ‘कोणती?’ असं विचारण्याचा हक्क काम करून घेणाऱ्याने बजावावा.

एवढं सगळं सांगून मी म्हणेन की हे हाताने करण्याची वेळ येणं हाच कामाच्या रचनेतला दोष आहे. वरची दुरुस्ती पीडीएफमध्ये केली. उद्या मुदतीची तारीख बदलली, मूळ फाइल उघडून तारीख बदलली आणि पुन्हा पीडीएफ काढली. केलेली सगळी दुरुस्ती गेली, कारण नव्या पीडीएफचं झाड मूळ फाइलवरून नव्याने उभं राहतं. दर आवृत्तीला तोच खर्च. म्हणून मथळे आणि क्रम जिथे लिहिले जातात तिथेच, म्हणजे मूळ फाइलमध्ये लागले पाहिजेत, आणि ती जबाबदारी मजकूर लिहिणाऱ्याची व मांडणी करणाऱ्याची आहे. शेवटी फाइल हातात येणाऱ्या टॅगवाल्याची नाही.

वर्डमध्ये याला फारसं काही लागत नाही. ‘पात्रता’ ठळक करण्याऐवजी तिला `Heading 2` ही शैली द्यायची. शैलीचं दिसणं आवडलं नाही तर शैली बदलायची, शैली सोडायची नाही. शीर्षक दोन ओळींत तोडायचं तर `Shift+Enter` वापरायचं. नुसतं `Enter` दाबलं की दोन परिच्छेद होतात, आणि एकाऐवजी दोन H1 यायला हे नेहमीचं कारण असतं. दोन स्तंभ हवेत तर `Layout` मधल्या `Columns` ने करायचे, मजकुराच्या दोन चौकटी शेजारी ठेवून नाही. खऱ्या स्तंभांत वाक्य डावीकडून उजवीकडे वाहिलं तरी वर्डच्या लेखी परिच्छेद एकच राहतो, आणि ‘बंधनकारक’ व ‘नाही’ यांची ताटातूट होत नाही. रंगीत चौकट `In Line with Text` अशी ओळीत बसवली की ती मजकुरात जिथे ठेवली तिथेच वाचली जाते. शेवटी `Save As` मधून पीडीएफ काढताना पर्यायांत `Document structure tags for accessibility` वर खूण आहे ना ते बघायचं. छपाईच्या खिडकीतून `Microsoft Print to PDF` ने फाइल काढली की वर केलेलं सगळं वाया जातं, कारण तो रस्ता छापील पान तयार करतो, टॅग मागे राहतात. लिब्रेऑफिसमध्ये याच कामाला `Tagged PDF` आणि `Universal Accessibility (PDF/UA)` असे पर्याय आहेत. इनडिझाइनमध्ये परिच्छेद-शैलीच्या `Export Tagging` मध्ये H1, H2 नेमून द्यावे लागतात, मजकुराच्या चौकटी एकमेकींना धाग्याने जोडाव्या लागतात आणि पानावरचा क्रम `Articles` पॅनलमध्ये लावून तिथलं `Use for Reading Order in Tagged PDF` चालू करावं लागतं. ही शेवटची खूण राहून जाते आणि `Articles` मधली सगळी मेहनत फुकट जाते, हे इतक्या वेळा घडतं की ती खूण तिथे लपवून का ठेवली आहे असा प्रश्न पडतो.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: पीडीएफला बुकमार्क दिले आहेत, विषयसूचीही आहे, मग मथळ्यांचा एवढा आग्रह कशाला? बुकमार्क हा बाजूच्या पट्टीतला वेगळा नकाशा आहे. वाचता वाचता `H` दाबून पुढच्या मथळ्यावर उडी मारणं किंवा `2` दाबून फक्त दुसऱ्या पातळीचे मथळे गाठणं यासाठी झाडात H2 असावाच लागतो. पाहणारा माणूस पान चाळतो तेव्हा ठळक ओळींवरून नजर फिरवतो. ऐकणाऱ्याकडे चाळण्याचं तेवढंच एक साधन आहे.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: पीडीएफ देताच कशाला, साधं वेबपान द्या. अनेक सूचनांच्या बाबतीत हे मला मान्य आहे, आणि वरची सूचना तर नक्कीच वेबपान म्हणून जास्त चांगली वाचली गेली असती. पण सही-शिक्क्याचा आदेश किंवा पानांचा हवाला देऊन उद्धृत होणारा अहवाल यांना पानाचं रूप धरून ठेवणारी फाइल लागते. शिवाय वेबपानावरही मथळ्यांच्या जागी नुसती ठळक अक्षरं टाकली तर रडगाणं तेच राहतं.

आता तपासणी. `Read Out Loud` वर विसंबू नये. अॅक्रोबॅटची ती सोय मजकूर बोलून दाखवते, पण मथळा आला हे सांगत नाही. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. फाइल अॅडोबी रीडरमध्ये उघडून `Insert+F7` दाबलं की त्यात मथळ्यांची यादी मागवता येते. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये त्याच यादीसाठी `Insert+F6`. ती यादी मोठ्याने वाचावी आणि नुसत्या यादीवरून दस्तऐवज कशाविषयी आहे व कोणता भाग कोणत्या भागाखाली आहे ते कळतं का ते बघावं. मग `Insert` आणि खालचा बाण दाबून, पडदा न बघता, सलग ऐकावं. स्क्रीन रीडर वापरायची सवयच नसेल तर पॅक या मोफत साधनातलं `Screen Reader Preview` टॅगच्या क्रमाने सगळा मजकूर मथळ्यांच्या पातळ्यांसह मांडून दाखवतं, आणि ते डोळ्यांनी वाचता येतं. सगळी पानं ऐकायला वेळ नसेल तर ज्या पानांवर स्तंभ, चौकट, तक्ता किंवा तळटीप आहे ती ऐकावीत, आणि प्रत्येक पानाची पहिली व शेवटची ओळ. चूक याच सांध्यांवर सापडते.

लांब अहवाल ऐकताना एका गोष्टीने चकवा बसतो. अॅक्रोबॅटच्या `Reading` पसंतींत मोठ्या दस्तऐवजासाठी फक्त समोर दिसणारी पानं स्क्रीन रीडरला द्यायची असा पर्याय आहे, आणि ‘मोठा’ म्हणजे किमान 50 पानं असं तिथे मुळात ठरलेलं असतं. त्यामुळे 120 पानांच्या, बिनचूक टॅगलेल्या फाइलमध्येही मथळ्यांच्या यादीत चालू पानाचे दोनच मथळे दिसू शकतात. टॅगवाल्याला दोष देण्याआधी तिथे संपूर्ण दस्तऐवज वाचण्याचा पर्याय निवडून पुन्हा बघावं.

काम बाहेर देणाऱ्या कोणत्याही संस्थेने करारात ‘सुगम्य पीडीएफ’ एवढंच लिहिलं तर तिला तपासणीचा हिरवा अहवाल मिळेल, त्यापलीकडे काही मिळेल याची खात्री नाही. त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात. शैली लावलेली मूळ फाइल. मथळ्यांची यादी, पातळ्यांसह, साध्या मजकुरात. आणि वाचनक्रम ज्या व्यक्तीने ऐकून तपासला तिचं नाव, कोणत्या स्क्रीन रीडरवर आणि कोणती पानं तपासली यासह. तिसरी मागणी ठेकेदारांना जाचक वाटते आणि तिच्यावर सर्वाधिक घासाघीस होते. पण `Logical Reading Order` च्या त्या ओळीपुढे `Pass` कोणी लिहिलं याला उत्तर असायला हवं. हातात आलेल्या यादीतला तिसरा मथळा फाइलमध्ये शोधायला सांगितल्यावर तो अर्ध्या मिनिटात सापडत नसेल, तर बिल थांबवायला तेवढं कारण पुरे.